लॅपटॉपचा पडदा: १९२०×१२०० आयपीएस की २८८०×१८०० ओएलईडी? (आणि गावात लाईटचा भरवसा नाही)

तेरणाकाठ

नमस्कार मंडळी. पुस्तकांची मुद्रितं तपासणं हा माझा धंदा. राहते निलंगा तालुक्यात, गावातच. सध्याचा लॅपटॉप सात वर्षांचा झालाय, चार्जर काढला की पाऊण तासात मान टाकतो.

परवा लातूरला दुकानात एकाच मॉडेलचे दोन प्रकार दाखवले. दोन्ही १४ इंची, प्रोसेसर तोच, बॅटरीही तीच, ५७ वॅट-अवरची. फरक फक्त पडद्याचा. एकाचा १९२०×१२००, आयपीएस, ६० हर्ट्झ. दुसऱ्याचा २८८०×१८००, ओएलईडी, १२० हर्ट्झ, किंमत ११ हजारांनी जास्त. दुकानदार म्हणाला, "ताई, ओएलईडी घ्या, एकदम मोबाईलसारखं दिसतं." दिसतं खरं. पण बॅटरी किती जाईल म्हटलं तर "तेवढं काही नाही हो" म्हणून चहा मागवला.

माझं काम म्हणजे दिवसभर पांढरं पान आणि काळी अक्षरं. 'द्ध' आहे की 'ध्द', अनुस्वार आहे की पडद्यावरची धूळ, तळटीपेतला दहा पॉइंटातला रफार, हे बघायचं. आमच्याकडे लाईट सकाळी गेली की कधी दुपारी येते, कधी संध्याकाळी. सहा तास चार्जरशिवाय निघाले पाहिजेत, एवढीच अट. तर प्रश्न दोन. त्या जास्तीच्या रिझोल्यूशनने माझी अक्षरं खरंच सुबक दिसतील का? आणि त्यापायी किती तास जातील?

कडबाकुट्टी

पाऊण तास? श्रीमंत आहात. आमचा लॅपटॉप चार्जरच्या पिनेला माशी बसली तरी बंद पडतो.

गोदाकाठचा

ताई, सरळ ओएलईडी घ्या. दोन कारणं. एक, ओएलईडीत काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका, वीज शून्य. माझा मोबाईल बघा, दीड दिवस चालतो. दुसरं, रिझोल्यूशन जास्त वाटलं तर सेटिंगमध्ये जाऊन १९२०×१२०० करा. लाईट असली की २८८०, लाईट गेली की १९२०. एका किमतीत दोन पडदे. मी नांदेडला माझ्या भाच्याला हेच सांगितलं, तो खूश आहे.

भुईमूग

मी तर म्हणतो पडदा बघूनच घ्या. मला २०१९ साली एका दुकानात "एचडी आहे सर, एचडी" म्हणून विकला. घरी आणून पिक्चर लावला तर सगळे नट वाळूचे. नंतर कळालं, १३६६×७६८ लाच ते एचडी म्हणतात आणि मला पाहिजे होता फुल एचडी. शिवाय थोडं खालून बघितलं की चेहरे निळे-काळे पडायचे. बायको म्हणायची, सरळ बसा, मग हिरो गोरा दिसेल. पिक्चरसाठी ओएलईडी एक नंबर.

तेरणाकाठ

@भुईमूग, मला पिक्चर बघायचा नाही हो, दुसऱ्यांच्या चुका बघायच्या आहेत. :)

@गोदाकाठचा, सेटिंगमधून कमी केलं तर खरंच बॅटरी वाचते का? तसं असेल तर प्रश्नच मिटला.

सोल्डरवाली

नाही मिटत. संभाजीनगरात माझं लॅपटॉप दुरुस्तीचं टेबल आहे, आठवड्याला पाच-सहा पॅनेल बदलते, म्हणून थोडं लांबण लावते.

गोदाकाठचा यांचं अर्धं बरोबर आहे. सेटिंगमधून रिझोल्यूशन कमी केलं की ग्राफिक्सला कमी ठिपके रंगवावे लागतात, तिथं थोडी वीज वाचते. पण तुमचं पान तर हलतच नाही. स्थिर पानाला नव्या लॅपटॉपात ग्राफिक्स बहुतेक वेळ झोपलेलंच असतं, पॅनेल आपल्याजवळचंच चित्र पुन्हापुन्हा दाखवत राहतं. मग वाचवणार काय? वीज खातो तो उजेड. पडद्यावरचे ठिपके जागचे हलत नाहीत, ते ५१ लाख ८४ हजारच राहतात. तुम्ही फक्त दीड ठिपक्यात एक ठिपका बसवायला सांगता. दीड ठिपका कुठून आणणार, म्हणून तो कडा पुसट करतो. म्हणजे ११ हजार जास्त देऊन अक्षर आधीपेक्षा वाईट.

आता आयपीएसचं. आयपीएसमागे दिवा लागलेला असतो आणि पुढे प्रत्येक ठिपक्याला एक बारीक खिडकी. खिडकीच्या चौकटीत ट्रान्झिस्टर आणि तारा. ठिपके लहान केले की खिडक्या लहान होतात, पण चौकटी त्या प्रमाणात बारीक होत नाहीत. मग तेवढाच उजेड बाहेर यायला मागचा दिवा जोरात लावावा लागतो. जास्त रिझोल्यूशनचा आयपीएस जास्त खातो तो मुख्यतः यामुळं. सेटिंग बदलून चौकट बारीक होत नसते.

ओएलईडीत मागे दिवाच नाही, प्रत्येक ठिपका स्वतः जळतो. म्हणून काळ्या पानाला स्वस्त, पांढऱ्या पानाला महाग. मोबाईलवर आपण फोटो, व्हिडिओ, काळी थीम असलं बघतो, पडदाही तळहाताएवढा. ताईंचं पान दिवसभर पांढरं आहे. त्यांच्यासाठी ओएलईडी म्हणजे घरातल्या सगळ्या खोल्यांचे दिवे लावून एका खोलीत बसणं.

गोदाकाठचा

मान्य. पण भाचा खूश आहे हे खरं आहे.

सोल्डरवाली

भाचा काय करतो?

गोदाकाठचा

गेम खेळतो. चार्जर लावूनच.

मांजरा_एक्सप्रेस

मूळचा लातूरचा, सध्या पुण्यात, दिवसभर कोड लिहितो. मी थोडा वेगळा सूर लावतो. बॅटरीचं गणित सगळे करतात, डोळ्यांचं कुणी करत नाही. मी चार वर्षं १९२०×१०८० वर काढली आणि मग ४के घेतला. देवनागरी वाचताना तर फरक लगेच दिसतो. इंग्रजी अक्षर आठ-दहा ठिपके उंचीत मावतं. आपल्याला वर शिरोरेषा, त्यावर मात्रा, मात्रेवर अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. 'र्‍हस्व'मधला तो वाकडा र पाच ठिपक्यांत काढून दाखवा. ताईंचं काम बघता मी तर म्हणेन, बॅटरी कमी पडली तर पॉवर बँक घ्या, पण पडद्यात तडजोड नको.

निवृत्त_मोजणीदार

मी भूमापनात ३१ वर्षं काढली, संगणकातलं फार कळत नाही, पण कोन कळतो. निरोगी डोळ्याला दोन खुणा वेगळ्या दिसायला साधारण एक मिनिटाचा कोन लागतो, म्हणजे अंशाचा साठावा भाग. मोजणीत आम्ही ३४३८ हा आकडा तोंडपाठ ठेवायचो. अंतराला ३४३८ ने भागलं की एक मिनिटाची रुंदी मिळते.

तुमच्या पडद्यांना हेच उलटं लावलं. १४ इंची १९२०×१२०० चा एक ठिपका ०.१५७ मिलिमीटर येतो. गुणिले ३४३८, म्हणजे ५४ सेंटिमीटर. त्यापेक्षा लांब बसलात तर ठिपका वेगळा दिसणार नाही. २८८०×१८०० चा ठिपका ०.१०५, त्याचं अंतर ३६ सेंटिमीटर. भुईमूग यांच्या लॅपटॉपचा पडदा १५.६ इंची धरला तर ८७ सेंटिमीटर, म्हणून त्यांना वाळू दिसली.

तेव्हा ताई, आधी टेप घ्या आणि डोळ्यापासून पडदा किती लांब असतो ते मोजा. चष्मा घालून मोजा. माझ्यासारखी मोतीबिंदूची सुरुवात असेल तर ११ हजार वाचले समजा.

कडबाकुट्टी

८७ सेंटिमीटर! भुईमूग, चूक तुमची. पिक्चर लावून भिंतीला टेकून बसायचं होतं.

तेरणाकाठ

काका, किती सोपं करून सांगितलंत. शिवणकामाची टेप घेऊन बसले. टेबलावर ५८ सेंटिमीटर. पण लाईट गेली की मी ओसरीत येऊन मांडी घालून बसते, लॅपटॉप पाटावर. तिथं भरलं ४४. म्हणजे लाईट असताना मला जास्त ठिपके नकोत आणि लाईट नसताना पाहिजेत. नेमकं उलटं!

मांजरा_एक्सप्रेस

बघा! मी म्हणालोच होतो.

आणि काका, तो एक मिनिटाचा नियम दोन वेगळ्या खुणांसाठी ठीक. सरळ रेषा कुठं किंचित तुटली तर डोळ्याला त्याहून कितीतरी बारीक कळतं. शिरोरेषेची पायरी, तिरक्या रेषेचे दाते ५४ सेंटिमीटरच्या पलीकडूनही जाणवतात.

निवृत्त_मोजणीदार

हे बरोबर आहे. व्हर्नियरवर रेघ जुळली की नाही हे आम्ही तसंच ओळखायचो. माझं ५४ काठावरचं समजा, कुंपण नव्हे.

बालाघाटी

मी बीडला शिकवतो. माझ्याकडे दीड वर्षापासून नेमका असाच १४ इंची २८८०×१८०० ओएलईडी आहे. अक्षर सुंदर, यात वाद नाही. पण एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. रात्री पडद्याचा उजेड कमी करून पेपर तपासत बसलो की तासाभरात कपाळ दुखायचं. चष्म्याचा नंबर तपासला, तोच. मग एका विद्यार्थ्याने दाखवलं. मोबाईल कॅमेऱ्यात प्रो मोड लावून शटर १/२००० केला आणि पडद्यावर धरला. उजेड पूर्ण असताना हलक्या रेघा, कमी केला की जाड काळे पट्टे वरून खाली सरकताना दिसले. म्हणजे उजेड कमी करण्यासाठी पडदा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होतो. मोबाईल नको असेल तर पांढऱ्या पानासमोर पेन भरभर हलवा. धूसर पंखा दिसला तर ठीक, सुटी सुटी दहा पेनं दिसली तर समजून घ्या.

सगळ्यांना त्रास होतोच असं नाही. माझी बायको त्याच पडद्यावर तासन्‌तास मालिका बघते, तिला काही नाही. मला होतो. ताई, विकत घ्यायच्या आधी दुकानात उजेड अगदी कमी करून वीस मिनिटं तुमचंच काम करून बघा.

भुईमूग

मी आत्ता पेन हलवलं. पेन तुटलं.

सोल्डरवाली

बालाघाटी सर, तुमच्याकडे तोच पडदा आहे तर एक मोजमाप करता का? चार्जर काढा, वर्डमध्ये एक पांढरं पान पूर्ण पडदाभर उघडा, इंटरनेटवरची बाकी सगळी खिडकी-दारं बंद करा, पाच मिनिटं थांबा. मग पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडून हे टाका:

```
Get-CimInstance -Namespace root\wmi -ClassName BatteryStatus | Select-Object DischargeRate
```

येईल तो आकडा मिलीवॅटमध्ये असतो. एका वेळच्या आकड्यावर जाऊ नका, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने पाच-सहा वेळा बघा. मग वर्डची काळी थीम लावून, पानही काळं करून पुन्हा. उजेड टक्क्यांवर ठेवू नका, खोलीत कागद जेवढा पांढरा दिसतो तेवढा ठेवा. माझ्या टेबलावर १९२०×१२०० आयपीएसवाला एक आलेला आहे, मी त्याचं करते.

बालाघाटी

केलं. खोलीत ट्यूबलाईट, पडद्याचा उजेड कागदाइतका. पांढरं पान: ८८०० ते ९२०० च्या मध्ये. काळं पान: ६२०० च्या आसपास. १२० हर्ट्झचं ६० केलं तर पांढऱ्या पानाला ८४०० च्या जवळ आलं. मला वाटायचं १२० हर्ट्झच सगळी बॅटरी खातो, तसं नाही दिसत.

सोल्डरवाली

माझा आयपीएस पांढऱ्या पानाला ६००० ते ६२००. काळ्या पानालाही तेवढाच, कारण मागचा दिवा तर तसाच जळतोय.

प्रोसेसर वेगळे आहेत, बॅटऱ्या वेगळ्या, तेव्हा हे आकडे काही प्रयोगशाळेतले नव्हेत. पण कल येतो. ताईंची बॅटरी ५७. भागिले ६.१ म्हणजे नऊ तासांच्या वर. भागिले ९ म्हणजे सहा तास वीस मिनिटं. दोन्ही तुमच्या अटीत बसतात, आज. पण बॅटरी झिजते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ओसरीवर चाळिशीच्या वर तापमानात चार्ज झाली तर लवकर झिजते. क्षमता ८० टक्क्यांवर आली की ५७ चे ४५.६ उरतात. आयपीएस तेव्हाही साडेसात तास देईल, ओएलईडी पाचवर येईल. बॅटरी टिकावी म्हणून तुम्ही पहिल्या दिवसापासून ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवणार असाल, तर ते पाच तास पहिल्या दिवसापासूनच.

मांजरा_एक्सप्रेस

मग काळ्या पानावर काम करा! ओएलईडीचे ६.२ आणि आयपीएसचे ६.१, फिट्टंफाट. वर अक्षर सुबक.

तेरणाकाठ

काळ्या पानावर मी एक प्रकरण तपासून बघितलं. अनुस्वार पसरतो. मला थोडा तिरपा नंबर आहे, त्यामुळे काळ्यावरचं पांढरं अक्षर धुक्यातल्या दिव्यासारखं दिसतं. शिवाय पुस्तक छापून पांढऱ्या कागदावर येणार, मोकळ्या जागा, दोन शब्दांतलं अंतर वगैरे पांढऱ्यावरच नीट कळतं.

कडबाकुट्टी

प्रकाशकाला सांगा, पुस्तकं काळ्या कागदावर छाप. बॅटरी वाचते.

गोदाकाठचा

पॉवर बँकेचं कुणी पुढं बोललंच नाही. २०,००० एमएएचची घेतली की लॅपटॉप दोनदा चार्ज होतो ना?

सोल्डरवाली

एकदाच, तेही कसंबसं. ते २०,००० आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलवर मोजलेले असतात, म्हणजे ७४ वॅट-अवर. व्होल्टेज चढवताना काही गरम होऊन जातं, हाती साठच्या आसपास लागतात. आणि ती टाईप-सीतून लॅपटॉपला ६५ वॅट देणारी पाहिजे, मोबाईलची साधी पॉवर बँक लावली तर लॅपटॉप तिच्याकडे बघतही नाही. पण तशी असेल तर मांजरा यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. ११ हजारांत अशी पॉवर बँक येऊन पैसे उरतील. फक्त ती आयपीएससोबतही घेता येते.

भुईमूग

ताई (सोल्डरवाली), अवांतर विचारतो. माझा तो एचडीवाला अजून चालू आहे. त्याला फुल एचडी आयपीएस पडदा बसतो का?

सोल्डरवाली

मागचा कनेक्टर बघावा लागेल. ३० पिनचा पेपर एलईडी असेल तर बहुतेक वेळा ३० पिनचा फुल एचडी आयपीएस बसतो. ४० पिनचा जुना असेल तर केबलपासून भानगड. अख्खा लॅपटॉपच आणा आणि पडदा स्वतः उघडू नका, कडेला नखाने दाबलं की आतली काच जाते, मग दोन पडद्यांचे पैसे.

आणि ताई, यावरून आठवलं. आत्ता आयपीएस घेऊ, पुढे वाटलं तर २८८० चा पडदा टाकू, असा विचार असेल तर सोडा. १९२०×१२०० ला ३० पिनची केबल असते, त्याला बहुधा ४० पिनची लागते. मग केबल शोधा, ती मदरबोर्डला चालते का बघा. आता जो घ्याल तोच.

निवृत्त_मोजणीदार

ओसरीवर उजेड कुठून येतो, हेही बघून ठेवा. माझ्या मुलाचा पडदा आरशासारखा चकाकतो. अंगणाकडे पाठ करून बसला की त्याला पडद्यात लिंबाचं झाड दिसतं.

बालाघाटी

माझाही तसाच आहे, काका. दिवसा खिडकीकडे पाठ केली की उजेड पूर्ण वाढवावा लागतो आणि मग वरच्या ९ वॅटचे १२ होतात. हे आधी सांगायचं राहिलं.

तेरणाकाठ (सहा दिवसांनी)

आज लातूरला जाऊन आले. वृत्तांत लिहिते, कारण पहिला अर्धा तास माझी फजितीच झाली.

पेन ड्राइव्हवर एका चालू पुस्तकाची तळटीपांची पानं नेली होती. दुकानदाराने दोन्ही डेमो शेजारी मांडले. चार्जर काढून तो पॉवरशेलचा मंत्र टाकला तर आयपीएस १४,००० आणि ओएलईडी १५,०००! मला वाटलं सोल्डरवाली ताईंनी मला फसवलं. मग हात लावून बघितलं तर दोन्ही खालून गरम, पंखे चालू. दुकानातला पोरगा म्हणाला, "मॅडम, विंडोज अपडेट सुटलंय." वायफाय बंद करून चहा घेतला, वीस मिनिटं थांबले. मग आयपीएस ६१००, ओएलईडी पांढऱ्या पानाला ९१००. बालाघाटी सरांचा आकडा जवळजवळ तोच.

उजेड सारखा करायला मी दोन्हींमध्ये एक कोरा कागद धरला. कागद दोन्हीकडे सारखाच पांढरा वाटेपर्यंत बटणं दाबत राहिले. टक्केवारीत एक ४५ वर होता, दुसरा ६० वर. सारखे टक्के लावले असते तर सगळंच चुकलं असतं.

अक्षराचं. टेबलाच्या अंतरावरून बारा पॉइंटात मला फरक सांगता आला नाही. पोराला म्हटलं, मी डोळे मिटते, तू लॅपटॉपांची अदलाबदल कर. पाचपैकी तीनदा ओळखलं, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. पण ४४ सेंटिमीटरवर, दहा पॉइंटाच्या तळटीपेत, 'द्ध' आणि 'ध्द' ओएलईडीवर एका नजरेत कळले. आयपीएसवर थांबावं लागलं. म्हणजे मांजरा, तुम्ही चूक नव्हता.

आणि उजेड अगदी कमी करून पेन हलवलं. ओएलईडीवर पेनांची जुडी दिसली. पंधरा मिनिटं वाचलं, डोकं दुखलं नाही, पण पंधरा मिनिटं म्हणजे दिवस नव्हे.

शेवटी आयपीएस घेतला. ४४ सेंटिमीटरवर तळटीप आली की कंट्रोल धरून चाक फिरवायचं, पान १५० टक्के. ते मी सात वर्षं करतेच आहे.

मांजरा_एक्सप्रेस

चाक फिरवायची सवय झाली म्हणजे तिला सोय म्हणायचं का? असो. अभिनंदन. मुखपृष्ठांचे रंग बघता का कधी? त्या आयपीएसचा रंगपल्ला विचारलात का? स्वस्त आयपीएसवर लाल विटकरी दिसतो.

तेरणाकाठ

मुखपृष्ठ मी फक्त लेखकाचं नाव बरोबर आहे का एवढ्यासाठी बघते. लाल विटकरी दिसला तरी नाव तेच राहतं.

पण दुसरीच एक शंका आहे. घरी आणून मोजलं तर तेच पान, तोच कागद धरून, आकडा ६८०० येतोय. अपडेट सगळी झालीत, वायफाय बंद आहे. दुकानातला डेमो ६१०० देत होता. हा तर सीलबंद खोक्यातला, नवा.

सोल्डरवाली

पडदा दुसऱ्या कंपनीचा असू शकतो. एकाच मॉडेलला दोन-तीन कारखान्यांचे पॅनेल लावतात, खोक्यावर लिहिलेलं नसतं. हे टाकून बघा:

```
Get-PnpDevice -Class Monitor | Select-Object InstanceId
```

`DISPLAY\` नंतरची तीन अक्षरं कारखान्याची आणि पुढची चार पॅनेलची. डेमोचं तेच आहे का बघायला पाहिजे.

तेरणाकाठ

पोराला फोन करून डेमोवर टाकायला लावलं. तीन अक्षरं वेगळी आहेत. दुकानदार म्हणतो, दोन्ही कंपनीचेच, बदलून मिळणार नाही.

सोल्डरवाली

ते खरं आहे, बदलून देत नाहीत. पण सगळा फरक पॅनेलचाच असेल असंही मी छातीठोकपणे सांगणार नाही. डेमो दुकानातल्या एसीत होता, तुमचा ओसरीवर आहे. रात्री बाराला, गारव्यात, पंखा थांबलेला असताना एकदा मोजा. तरीही ६८०० आला तर ५७ भागिले ६.८, आठ तास वीस मिनिटं.

कडबाकुट्टी

रात्री बाराला लाईट असेल तर तेही कळवा.

तेरणाकाठ

मोजलं. ६५००. लाईट नव्हती.